प्रकल्प नोंदी: निरक्षर किती, आणि त्यांत बायका किती?

२ जून

ताईंचा प्रश्न आज सकाळी आला. साक्षरता वर्गांसाठी पत्रक छापायचं आहे, त्यात एक वाक्य हवं आहे: महाराष्ट्रात लिहिता-वाचता न येणाऱ्यांमध्ये बायका किती? उत्तराखाली आधार लिहिलेला हवा, कारण मागच्या पत्रकावर एका ग्रामसेवकांनी "हा आकडा कुठला?" असं विचारलं आणि आपल्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही.

प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये दोन उपयोगाच्या फायली आधीच चढवलेल्या आहेत. एक `PCA_2011_MH.xlsx`, म्हणजे २०११ च्या जनगणनेचा प्राथमिक गोषवारा. दुसरी `Concepts_Definitions.pdf`, त्याच जनगणनेतल्या संज्ञांच्या व्याख्या. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे घरोघरी जाऊन मोजलेला शेवटचा आकडा २०११ चाच. पत्रकात वर्ष ठळक लिहावं लागेल.

एक्सेल उघडली. रकान्यांची नावं आखूड आहेत: `TOT_P` म्हणजे एकूण लोक, `TOT_M` पुरुष, `TOT_F` स्त्रिया. मग `P_06`, शून्य ते सहा वर्षांची मुलं. `P_LIT` साक्षर. आणि पुढे `P_ILL`, `M_ILL`, `F_ILL`. निरक्षरांचा रकाना तयारच आहे हे पाहून वाटलं, काम पाच मिनिटांचं. `P_ILL` मध्ये ३,०८,२०,०४३ आणि `F_ILL` मध्ये १,७८,३४,५७१. भागाकार ५७.८७ टक्के. कच्चं उत्तर लिहून ठेवलं: निरक्षरांमध्ये साधारण ५८ टक्के बायका.

व्याख्येची फाईल आज उघडली नाही. उद्या आधार लिहिताना बघायचं ठरवलं.

३ जून

आज पीडीएफ वाचली आणि कालचं उत्तर खोडलं.

साक्षर कोण, हे त्या परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात आहे: सात वर्षं किंवा त्याहून मोठी व्यक्ती, जिला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येतं. शाळेत गेलेलं असण्याची अट नाही. अंध व्यक्तीला ब्रेल वाचता येत असेल तर ती साक्षर. फक्त वाचता येतं आणि लिहिता येत नाही, अशी व्यक्ती निरक्षर. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे होतं, आणि बरेच जण इथवर वाचून थांबत असतील. पण परिच्छेद पुढे सांगतो की सहा वर्षं आणि त्याखालचं प्रत्येक मूल निरक्षर धरलं आहे, मग ते शाळेत जात असो आणि लिहायला-वाचायला शिकलेलंही असो.

माझी भाची सहा वर्षांची आहे. सिन्नरच्या स्टँडवर उभी राहून गाड्यांवरच्या पाट्या मोठ्याने वाचते. ती २०११ मध्ये त्या वयाची असती तर `F_ILL` मध्ये मोजली गेली असती. तिच्यासोबत तान्ही बाळंही. म्हणजे काल मी ज्या रकान्याला "लिहिता-वाचता न येणारे लोक" म्हणत होतो, त्यात १,३३,२६,५१७ मुलं होती. तीन कोटी आठ लाखांतली एक कोटी तेहतीस लाख!

रकान्याचं नाव खोटं नाही. जनगणनेच्या भाषेत तो बरोबर आहे. ताईंचा प्रश्न मात्र त्या भाषेत विचारलेला नाही. त्यांना वर्गात येऊ शकतील अशा बायकांबद्दल विचारायचं आहे, पाळण्यातल्या मुलींबद्दल नाही. आकडा एका फाईलमध्ये आणि त्याचा अर्थ दुसऱ्या फाईलमध्ये, असं असलं की पहिली फाईल एकटीच उघडणाऱ्याला चूक झाल्याचं कळायला काही वाटच नसते. ५७.८७ हा आकडा पाहून कुणाला शंका आली असती?

४ जून

नव्याने हिशेब. सात वर्षांवरचे लोक म्हणजे एकूणमधून शून्य ते सहाची मुलं वजा. त्यातून साक्षर वजा केले की सात वर्षांवरचे निरक्षर मिळतात. तयार रकाना वापरायचा नाही.

```python
import pandas as pd
pca = pd.read_excel("PCA_2011_MH.xlsx")
r = pca[(pca["Level"] == "STATE") & (pca["TRU"] == "Total")].iloc[0]
for k in ["M", "F"]:
    p7 = r["TOT_" + k] - r[k + "_06"]
    print(k, p7, p7 - r[k + "_LIT"])
```

बायकांचा हिशेब हातानेही केला, कारण पत्रकावर जाणारा आकडा मला वहीत उतरलेला दिसला पाहिजे. एकूण स्त्रिया ५,४१,३१,२७७. त्यातून ६२,९१,१२६ मुली गेल्या, उरल्या ४,७८,४०,१५१. त्यातून साक्षर ३,६२,९६,७०६ वजा केल्या. उरल्या १,१५,४३,४४५. पुरुषांचा असाच हिशेब ५९,५०,०८१ वर येतो. दोन्ही मिळून १,७४,९३,५२६.

बायकांचा वाटा ६५.९९ टक्के.

परवा ५८ होता. आठ टक्क्यांचा फरक म्हणजे नुसती दुरुस्ती नव्हे, पत्रकाचं वाक्यच बदलतं. ५८ म्हटलं की निम्म्याहून थोड्या जास्त. ६६ म्हटलं की दर तिघांत दोघी. बायकांवर झालेला अन्याय पहिल्या आकड्यात निम्मा लपून गेला होता.

लपतो कसा, तेही नीट पाहिलं. शून्य ते सहाच्या मुलांमध्ये मुली ४७.२१ टक्के आहेत, कारण त्या वयोगटात हजार मुलांमागे मुली ८९४ च होत्या. ६६ टक्के बायका असलेल्या पावणेदोन कोटींच्या गटात ४७ टक्के मुली असलेला सव्वा कोटीहून मोठा गट मिसळला की सरासरी खाली येणारच. म्हणजे मुली कमी जन्मू दिल्या गेल्या, त्यानेही बायकांच्या निरक्षरतेचं प्रमाण कागदावर थोडं सौम्य दिसत होतं. हे लक्षात आल्यावर काही वेळ पुढे काम सुचलं नाही.

पडताळा घेतला. सात वर्षांवरच्या ९,९०,४७,८१६ लोकांमध्ये साक्षर ८,१५,५४,२९०, म्हणजे ८२.३४ टक्के. महाराष्ट्राचा जाहीर साक्षरता दर हाच आहे. एकूण लोकसंख्येने भागलं असतं तर ७२.५७ आला असता. आपला हिशेब व्याख्येशी जुळतो की नाही हे तपासायला याहून सोपी युक्ती मला माहीत नाही: ज्या दराचं उत्तर आधीच छापलेलं आहे तो आपल्या रीतीने काढून बघायचा. तो जुळला तरच त्याच रीतीने न छापलेला आकडा काढायचा.

५ जून

आज एक चूक होता होता राहिली, ती इथे लिहून ठेवतो.

आपल्या संस्थेतला एक स्वयंसेवक मदतीला आला. त्याने एक्सेलमध्ये ओळ न निवडता सरळ रकान्याची बेरीज घेतली. `TOT_P` ची बेरीज आली ४४,९४,९७,३३२. महाराष्ट्रात पंचेचाळीस कोटी लोक! आपल्या फाईलमध्ये राज्याच्या तीन ओळी आहेत, एकूण, ग्रामीण आणि शहरी. खाली प्रत्येक जिल्ह्याच्या तशाच तीन. म्हणजे प्रत्येक माणूस चार वेळा येतो: राज्याच्या एकूणमध्ये, राज्याच्या ग्रामीण किंवा शहरीमध्ये, आणि तसाच दोनदा जिल्ह्यात.

घाबरण्यासारखी गोष्ट पुढे आहे. त्याने त्या बेरजांवरून बायकांची टक्केवारी काढली ती ६५.९९ च आली. सगळेच आकडे चौपट झाले की भागाकार बदलत नाही. टक्केवारी बरोबर दिसली म्हणून त्याने संख्याही बरोबर धरल्या असत्या, आणि पत्रकात "४ कोटी ६१ लाख निरक्षर बायका" छापलं गेलं असतं. म्हणून आधारात नुसतं फाईलचं नाव देऊन भागणार नाही. कोणत्या ओळीतून घेतलं तेही लिहायचं: `Level` मध्ये `STATE`, `TRU` मध्ये `Total`.

त्याने आणखी एक विचारलं ते योग्यच होतं: "दादा, यात पालघर का नाही?" पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. २०११ च्या तक्त्यात तो ठाण्यातच आहे. राज्याच्या आकड्याला त्याने फरक पडत नाही. जिल्हावार पत्रक काढायची वेळ आली की पडेल.

६ जून

फोल्डरमध्ये तिसरी फाईल निघाली. कुणीतरी पूर्वी चढवलेला २०११ चा तात्पुरता तक्ता. त्यात साक्षरता ८२.९१ टक्के आहे. ताईंच्या जुन्या सादरीकरणात हाच आकडा आहे, म्हणून त्यांनी फोन करून विचारलं, "आपलं ८२.३४ कुठून आलं? चुकलं तर नाही ना?"

दोन्ही आकडे सरकारीच आहेत. तात्पुरते आकडे मोजणी झाल्यावर लगेच, २०११ च्या मार्चअखेर जाहीर झाले. गोषवारा अंतिम, नंतर अर्जांवर पूर्ण प्रक्रिया होऊन आलेला. एकूण लोकसंख्येत दोघांत फरक जेमतेम १,३६१ चा आहे, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला दोन्ही तक्ते सारखेच वाटतात. पण शून्य ते सहाची मुलं अंतिममध्ये ४,७८,१४२ ने वाढली आणि साक्षर ९,५७,९३५ ने घटले. तात्पुरत्या तक्त्यावरून हिशेब केला तर सात वर्षांवरचे निरक्षर १,७०,१२,३७२ येतात, म्हणजे अंतिमपेक्षा ४ लाख ८१ हजार कमी.

इथे व्याख्या मदतीला येत नाही. दोन्ही तक्त्यांची व्याख्या एकच आहे. फरक तक्त्याच्या आवृत्तीचा आहे. म्हणून आधारात "अंतिम" हा शब्द लिहायचा ठरवलं. तात्पुरती फाईल काढून टाकली नाही, कारण जुन्या पत्रकांचा आधार तीच आहे. तिचं नाव बदलून पुढे "तात्पुरती, नवीन कामात वापरू नये" जोडलं.

ताईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग जुन्या सादरीकरणातही बदलून द्या." दिलं.

९ जून

आज उत्तराचा मसुदा. आकड्यांपेक्षा आधार कुठे लिहायचा यावर जास्त वेळ गेला.

पहिल्या मसुद्यात दोन्ही फायलींची नावं शेवटी एकत्र दिली होती. ताईंनी वाचून विचारलं, "यातलं कुठलं कशातून?" त्यांचा प्रश्न रास्त होता. पीडीएफमध्ये १ कोटी १५ लाख हा आकडा कुठेच नाही. एक्सेलमध्ये "सात वर्षांवरचे" हे शब्द कुठेच नाहीत. शेवटी एकत्र दिलेली नावं वाचून माणूस पीडीएफमध्ये आकडा शोधत बसेल, सापडणार नाही, आणि आपल्यालाच खोटं ठरवेल.

आणि खरं सांगायचं तर १,१५,४३,४४५ हा आकडा एक्सेलमध्येही नाही. तिथे आहेत तीन आकडे, आणि त्यांची वजाबाकी आपण केली आहे. ती तशी का केली याचं कारण पीडीएफमध्ये आहे. त्यामुळे उत्तरात तीन गोष्टी वेगळ्या दिसल्या पाहिजेत: तक्त्यातून जसं घेतलं ते, व्याख्येतून जसं घेतलं ते, आणि आपण काढलं ते. तिसऱ्याला "आपला हिशेब" असंच म्हणायचं. काढलेल्या आकड्याच्या शेजारी सरळ "जनगणना २०११" लिहिलं तर तो जनगणनेने छापला असं होतं, आणि तसं झालेलं नाही.

पान क्रमांकाचीही अडचण आली. पीडीएफमध्ये सुरुवातीची पानं रोमन आकड्यांत आहेत, त्यामुळे पानावर छापलेला क्रमांक आणि स्क्रीनवर दिसणारा क्रमांक जुळत नाहीत. मी छापील क्रमांक दिला होता, स्वयंसेवक स्क्रीनवरच्या क्रमांकाने गेला आणि भलत्याच पानावर पोचला. आता पान क्रमांकाऐवजी परिच्छेदाचं शीर्षक देतो. शीर्षक शोधून तरी सापडतंच.

१० जून

चाचणी घेतली. हिशेबदार काकांना मसुदा आणि दोन्ही फायली दिल्या. त्यांनी या कामात आधी काहीच पाहिलेलं नव्हतं. सांगितलं, फक्त आधार वाचून आमचा आकडा पुन्हा काढून दाखवा.

काका ओळीपर्यंत बरोबर पोचले. मग `F_ILL` पाहिला आणि म्हणाले, "अहो, इथे एक कोटी अठ्ठ्याहत्तर लाख आहे. तुमचे त्रेसष्ट लाख कुठे गेले?" त्यांनी आधाराचा पहिला भाग वाचला होता, दुसरा नाही. मी गप्प बसून राहिलो, कारण पत्रक वाचणारा माणूसही नेमकं हेच करणार आहे आणि तेव्हा सांगायला मी शेजारी नसेन.

मसुद्यातली उणीव तिथेच कळली. व्याख्या तळटीपेत ढकलली होती. तळटीप कुणी वाचत नाही, आणि छपाईवाले जागा कमी पडली की आधी तीच कापतात. व्याख्या मूळ वाक्यातच आली पाहिजे, आणि तयार रकाना का वापरला नाही हेही आपणहून सांगितलं पाहिजे. आधार तपासायला निघालेल्या माणसाची नजर सगळ्यात आधी त्या रकान्यावरच जाणार आहे.

दुरुस्त मसुदा काकांना पुन्हा दिला. या वेळी त्यांनी कॅल्क्युलेटरवर तीन आकडे मारले आणि १,१५,४३,४४५ काढून कागद माझ्यासमोर सरकवला.

११ जून

ताईंना पाठवलेलं उत्तर, जसंच्या तसं:

"२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सात वर्षं आणि त्यावरच्या ज्या लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांत दर तिघांमागे दोघी बायका होत्या: १,७४,९३,५२६ पैकी १,१५,४३,४४५, म्हणजे ६६ टक्के.

आकड्यांचा आधार: `PCA_2011_MH.xlsx`, अंतिम गोषवारा, राज्याची एकूण ओळ (`STATE`, `Total`), रकाने `TOT_F`, `F_06`, `F_LIT` आणि पुरुषांचे तसेच तीन.
व्याख्येचा आधार: `Concepts_Definitions.pdf`, साक्षर या संज्ञेचा परिच्छेद. सहा वर्षं आणि त्याखालची सर्व मुलं जनगणना निरक्षर धरते.
आपला हिशेब: एकूण वजा शून्य ते सहाची मुलं वजा साक्षर. `F_ILL` या तयार रकान्यात लहान मुलीही असल्याने तो वापरलेला नाही."

पत्रकासाठी पहिलं वाक्य आणि दोन्ही आधारांची मिळून एक ओळ. पूर्ण मजकूर फोल्डरमध्ये, पत्रकाच्या नावाने.

१२ जून

ताईंचं उत्तर आलं. वाक्य त्यांना पटलं, पण त्यांनी एक शब्द बदलून मागितला: "सात वर्षांवरच्या ऐवजी प्रौढ लिहिलं तर चालेल का? आपले वर्ग पंधराच्या पुढच्यांसाठी आहेत."

नाही चालणार, आणि मी तसं स्पष्ट लिहिलं. आठ वर्षांची मुलगी या आकड्यात आहे, चौदा वर्षांचीही आहे. गोषवाऱ्यात वयाचे दोनच तुकडे आहेत, सहापर्यंतचे आणि त्यापुढचे. या दोन फायलींतून पंधराच्या पुढचा आकडा कितीही वजाबाक्या केल्या तरी निघत नाही. त्यासाठी त्याच जनगणनेचा सी-८ तक्ता लागेल. त्यात सात वर्षांवरच्यांची शैक्षणिक पातळी वय आणि लिंगानुसार दिलेली आहे, आणि निरक्षरांचा रकाना आहे. तिथे वयाच्या ओळी वेगळ्या असल्याने पंधराच्या पुढच्याच ओळी घेतल्या की लहान मुलांची ही अडचण येणार नाही.

ताईंनी विचारलं, किती दिवस लागतील. म्हटलं, तक्ता फोल्डरमध्ये चढवला की एक दिवस, आणि काकांची चाचणी धरून दोन. तोवर पत्रकात "सात वर्षं आणि त्यावरच्या" हेच शब्द राहतील.

त्यांनी छपाई सोमवारपर्यंत थांबवली आहे. सी-८ उतरवायला घेतला.